चौकशीकाकांचा चहा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग डॉक्टरांनी स्क्रीनसमोर बसायला मनाई केली, आणि मनाई उठल्यावर चक्क आळस केला. पण गेले काही महिने माझं आणि भाचीचं एक प्रकरण चाललंय, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. नात्यातल्या मंडळींना ती कोण हे लगेच कळेल. बाकीच्यांना एवढं पुरे, की ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी, बँकेत नोकरी करते आणि रविवारी दुपारी दोन-अडीच तास चित्रं काढते. हात चांगला आहे तिचा. शिकलेली नाही कुठे, पण माणूस कसा उभा राहतो, कसा टेकतो, हे तिला दिसतं.

तिला चार चौकटींची चित्रकथा काढायची आहे. पात्र एकच, दर आठवड्याला नव्या भागात येणारं. याआधी दोनदा सुरू करून झालं. एक पाच भागांनी बंद पडलं, दुसरं सहा. या वेळी म्हणाली, "आत्या, हे तिसरं. हे पण बंद पडलं ना, तर वही-रंग सगळं माळ्यावर टाकणार आहे." हसत म्हणाली, पण मी तिला लहानपणापासून ओळखते. ती टाकेल.

मी विचारलं, नेमकं काय होतं गं? तर म्हणते, "चित्रं जमतात. गोष्ट संपते."

मंडळी, या चार शब्दांत सगळा रोग आला की! ती गोष्टी शोधत होती, आणि गोष्ट ही संपण्यासाठीच असते. आम्ही वर्गात 'कथाबीज' शिकवायचो. तो शब्द इथे चालतो, पण थोडा वेगळ्या अर्थाने. एका कथेचं बीज म्हणजे मेथीची जुडी. भाजी केली, खाल्ली, संपली. पुन्हा पुन्हा येणाऱ्या पात्राचं बीज म्हणजे दाराशी लावलेला कढीपत्ता. रोज चार पानं तोडा, रोज नवी फुटतात. तिने दोन्ही वेळा जुडी आणली होती.

पहिली होती 'सुपरआजी'. नऊवारीतली उडणारी आजी. पहिल्या भागात तिने विहिरीत पडलेलं मांजर काढलं, फार गोड होतं. पण ज्याला उडता येतं त्याची अडचण दर आठवड्याला मोठी करावी लागते, नाहीतर तो उडून लगेच सोडवणार. मांजरानंतर बैल, बैलानंतर बस, पाचव्या भागात अख्ख्या गावाला पूर! आता अडीच तासांत पुरात बुडालेलं गाव कोण काढणार? आणि सहाव्याला काय, भूकंप?

दुसरं एका मुलाचं होतं. गुहेतून तो शिवकाळात जातो. कल्पना चांगली, पण प्रत्येक भागात नवा किल्ला, नवे पोशाख, आणि घोडे. घोड्याचे पाय काढणं म्हणजे काय असतं ते चित्र काढणाऱ्यांना विचारा. त्यात ती सलग गोष्ट होती. एका आठवड्यात बँकेचं ऑडिट आलं, भाग चुकला, आणि पुढच्या वेळी वाचणाऱ्या मैत्रिणी विचारायला लागल्या की हा मुलगा इथे कसा आला? हौसेने काढणाऱ्याचे आठवडे चुकणारच. म्हणून प्रत्येक भाग आपापला पुरा होणारा हवा, हे मला तिथेच पटलं.

मग आम्ही दोघींनी जुनी पात्रं काढून बघितली. मला यातलं शास्त्र काही येत नाही, पण गोष्ट कशावर चालते ते शोधायची सवय आहे. 'टिंकल'मधला शिकारी शंभू घ्या. तो भित्रा आहे आणि जग त्याला शूर समजतं. दर वेळी वाघ पकडला जातो, पण अपघाताने, आणि पुन्हा सगळे म्हणतात वा शंभू! म्हणजे भागाच्या शेवटी त्याचा गैरसमज सुटत नाही, उलट पक्का होतो. पुढच्या भागाची सोय झाली. शुल्झ यांचं 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झालं आणि १३ फेब्रुवारी २००० ला शेवटचा भाग आला, पन्नास वर्षांना थोडे महिने कमी. त्यात चार्ली ब्राऊन फुटबॉलला लाथ मारायला धावतो आणि ल्यूसी ऐन वेळी चेंडू काढून घेते. वर्षानुवर्षं तेच! वाचणाऱ्याला शेवट माहीत असतो, तरी या वेळी ती काय सांगून त्याला फसवणार हे बघायला तो थांबतो.

आणि आपला लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. सुरुवातीला ते निरनिराळ्या प्रांतांची बरीच माणसं काढायचे, रोजच्या घाईत ती कमी करत गेले आणि शेवटी चौकड्याच्या कोटातला एकच उरला. तो बोलत नाही. नुसता तिथे असतो. चित्रकाराचा वेळ वाचवायला घेतलेला निर्णय पात्राचा स्वभाव होऊन बसला, हे मला फार आवडतं.

यावरून मी तीन प्रश्न कागदावर लिहिले. याला काय हवंय? आडवं काय येतं? आणि भाग संपल्यावर उद्या सकाळी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं का? सुपरआजी पहिल्याच प्रश्नाला नापास. आजीला स्वतःला काही नकोच होतं, ती नुसती परोपकारी!

भाचीने आठ दिवसांत नवी यादी पाठवली. एक विचार करणारं मांजर, जे घरातल्या माणसांवर शेरे मारतं. मांजराला काही नको असतं, ते बघत बसतं, त्यामुळे सगळा भार शेऱ्यांवर येतो. ज्याची जीभ तिखट त्याने ते जरूर करावं. आमच्या पोरीची ताकद माणसांच्या उभं राहण्यात आहे, टोमण्यात नाही. दुसरा एक पोस्टमन जो गावातली रहस्यं सोडवतो. अगं, दर आठवड्याला एक रहस्य रचायचं, त्याचे धागे चार चौकटींत बसवायचे, तू नोकरी सोडणार आहेस का? तो मी लगेच खोडला.

तिसरं होतं, एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीतला माणूस.

इथे मी थांबले. नात्यातल्या लोकांना कळलंच असेल का ते. माझा भाऊ, म्हणजे तिचे बाबा, तालुक्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. निवृत्तीनंतर फार जगला नाही. २०१९ मध्ये गेला. यादीत तिने बाबांचं नाव लिहिलं नव्हतं, फक्त 'चौकशीकाका' एवढं लिहून शेजारी कानावर पेन लावलेलं एक डोकं काढलं होतं.

भावना बाजूला ठेवून बघितलं तरी जागा उत्तम आहे. गोष्टीला माणसं शोधत हिंडावं लागत नाही, ती आपल्या पायांनी खिडकीशी येतात, आणि प्रत्येक जण प्रश्न घेऊनच येतो. शिवाय चित्राच्या बाजूने बघा. जाळीची खिडकी, फळी, मागे वेळापत्रकाचा फळा, मायक्रोफोन. एकदा नीट बसवलं की दर आठवड्याला तेच नेपथ्य, बदलायचा फक्त समोरचा प्रवासी. अडीच तासांचं गणित जमलं.

काय हवंय? ते तिनेच सांगितलं, "त्याला चहा गरम असताना प्यायचाय." बस्स! बाबांचा चहा नेहमी गार व्हायचा म्हणे. आडवं काय येतं? प्रवासी. उद्या पुन्हा? उद्या पुन्हा चहा येतोच.

मी म्हटलं, छान, आता चित्र काढू नकोस. आधी दहा भाग एकेका ओळीत लिहून आण. ही माझी परीक्षा. पहिले तीन कुणालाही सुचतात, चौथा-पाचवा ओढूनताणून येतो, आणि सातव्यापासून कळतं की बीजात जीव आहे की नाही. दहा ओळी लिहायला अर्धा तास लागतो, त्यात फसलं तर सहा रविवार वाचतात.

तिने दहा आणले. वाचले, आणि काहीतरी खटकलं. एक आजोबा पाचव्यांदा तेच विचारतात. एक बाई गाडीचं नाव विसरते. एक पोरगा पाटी समोर असून पाटी वाचत नाही. दहाच्या दहा भागांत प्रवासी मूर्ख आणि काका शहाणे, सोशिक, बिचारे. दोन भाग हसू येतं, तिसऱ्यापासून कडवट लागतं. खेड्यातून आलेल्या माणसाला पाटी वाचता येत नाही यात हसायचं काय? शाळेत मुलांच्या नकला करून वर्ग हसवणारे शिक्षक मी पाहिलेत. वर्ग हसतो, पण ज्याची नक्कल केली तो मुलगा पुन्हा हात वर करत नाही.

मी तिला लिहिलं, काकांमध्ये खोट हवी. चहा प्रवाशांमुळे गार होत असेल तर ती तक्रार झाली. चहा काकांच्या स्वभावामुळे गार झाला तर ती गोष्ट. आणि खोट मी सुचवली ती अशी की या माणसाला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. चौकशीच्या खिडकीत बसलेला माणूस, आणि 'माहीत नाही' हे शब्द तोंडातून निघत नाहीत! कुणी काहीही विचारो, गाडीचं, हवामानाचं, मुलीच्या स्थळाचं, तो उत्तर देणार. आणि दिलेलं उत्तर निस्तरताना चहा गार होणार.

दोन आठवडे तिचा फोन नाही.

मग एका रात्री आला. "आत्या, मी बाबांना खोटारडा दाखवू?"

मला याचीच भीती होती. आपल्या माणसावरून पात्र काढायचं म्हटलं की आपण त्याचे दोष पुसतो, आणि दोष पुसले की पात्राला करायला काही उरत नाही. नुसता फोटो उरतो, हार घातलेला. पण हे असं तोंडावर सांगण्यात अर्थ नव्हता. मी तिला एक गोष्ट सांगितली, जी तिला ठाऊक नव्हती. आम्ही लहान असताना एका पाहुण्याने रस्त्यात भावाला कुणाचं तरी घर विचारलं. याला माहीत नव्हतं. तरी हात करून 'ते तिकडे' म्हणाला, अगदी ठासून! पाहुणा गेला. हा चार पावलं घराकडे आला, थांबला, आणि मग उलटा पळत सुटला त्याच्या मागे. दोघं मिळून घर शोधून मग तासाभराने परत आला, जेवण निवून गेलेलं. आईने विचारलं तर म्हणतो, "त्याला बरोबर जाऊन दाखवलं." वय असेल नऊ-दहा.

पलीकडून ती हसली, मग थोडी रडली. मग म्हणाली, "म्हणजे चहा सोडून पळायचं." हो, म्हटलं, खिडकी उघडी टाकून.

इथे कथाबीज पुरं झालं. उत्तर द्यायची हौस आणि चुकीच्या उत्तराची टोचणी, दोन्ही एकाच माणसात. म्हणून तो खोटारडा वाटत नाही. तिने दहा ओळी पुन्हा लिहिल्या, त्या पंधरा झाल्या. त्यातल्या दोन-तीन सांगते.

एक बाई पिशवी सांभाळत विचारते, "गाडी लागली का?" काका ऐटीत, "लागली की!" बाई कळवळून पिशवीतून लिंबू काढून त्यांच्या हातात ठेवते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना समजावून सांगायला नको. एका भागात आजी-आजोबा येतात. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीत मोफत प्रवास आहे, आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. आजोबा अभिमानाने आधार कार्ड नाचवतात. आजी मात्र वय सांगायला तयार नाहीत, त्या अर्धं तिकीट काढणार! काकांना मध्ये पडायची गरज नाही, पण ते पडतात.

आणि एक माझा आवडता. काकांना एकच गोष्ट खरी आणि पक्की माहीत आहे, की पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. हे त्यांना कुणी कधी विचारत नाही. एकदा एक मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी अगदी तेच विचारायला येते. काका सावरून बसतात, घसा साफ करतात, आणि तेवढ्यात मायक्रोफोन सुरू राहिल्याने कर्कश शिट्टी वाजते. सगळा स्टँड कान झाकून उभा.

आता चित्राबद्दल. काकांचा चेहरा तिने आधी बाबांच्या फोटोवरून उतरवला होता, हुबेहूब. तिथे वेगळीच अडचण आली. हुबेहूब चेहरा एकाच कोनातून जमतो. तो वळवला, खाली घातला, दचकवला की साम्य जातं, आणि साम्य गेलं की तिचा हात थांबतो. चार चौकटींत चार वेळा तोच माणूस ओळखू यायला हवा, तर त्याच्यात मोजक्या, ठळक खुणा हव्यात. शंभूची हॅट डोळ्यांवर आलेली असते, काढणाऱ्याचे डोळे काढण्याचे कष्टच वाचतात! आम्ही एक खेळ केला. तिने काकांची आकृती काढून आत सगळं काळं भरलं आणि फोटो मला पाठवला. नुसत्या सावलीवरून ओळखू येतो का? पहिला नाही आला, तो कुणीही कारकून होता. मग तिने त्यांना गोल केलं, खांदे नसलेले, बटाट्यासारखे, मिशा बाहेर आलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेला. भाऊ माझा काडीसारखा होता. बाबांचं फक्त ते कानावरचं पेन राहिलं. काळी सावली आली तेव्हा मी मोतीबिंदूच्या डोळ्याने सुद्धा ओळखली.

एका कागदावर तिने काकांना समोरून, बाजूने, पाठमोरं काढलं, शेजारी उंचीच्या रेघा मारल्या (तीन डोकी उंची), आणि तो टेबलासमोर चिकटवला. नाहीतर पाचव्या भागापर्यंत पात्र नकळत उंच होत जातं. सुपरआजीचं तेच झालं होतं, पहिली आणि शेवटची शेजारी ठेवली तर मावशी-भाची वाटतील.

खिडकीचा एक तोटा मात्र निघाला. माणूस कमरेपासून वरच दिसतो, आणि प्रवासी पाठमोरा. तीन भाग सारखेच दिसायला लागले. त्यावर तिने दोन उपाय केले. कधी आपण बाहेरून बघतो, जाळीमागे काका. कधी आतून, काकांच्या खांद्यावरून, जाळीपलीकडे प्रवाशाचा चेहरा. आणि शेवटच्या चौकटीत बहुतेक वेळा काका बाहेर असतात, धावताना, म्हणजे पायही दिसतात. शिवाय जोडीला एकच पात्र दिलं, चहाच्या टपरीवरच्या मावशी. त्यांना सगळ्या गाड्या, सगळ्या वेळा, कुठला फाटा कुणाचा, तोंडपाठ आहे. त्यांना कुणी विचारत नाही. मुख्य पात्राकडे जे नाही ते ज्याच्याकडे आहे, असं दुसरं माणूस शेजारी उभं केलं की बोलावं फार लागत नाही. मावशींनी नुसती भुवई उंचावली तरी पुरतं.

एक भाग कसा तयार झाला तो सांगते. आईचं बोट धरून एक मुलगा येतो आणि विचारतो, एसटी लाल का असते? तिच्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात पहिल्याच चौकटीत काकांचं चार ओळींचं भाषण होतं, तिसऱ्यात मुलाचं उत्तर, चौथ्यात सगळे हसतात. हसणारी माणसं काढली की वाचणारा हसत नाही, हे तिला लगेच पटलं. फुग्यातही शब्द फार होते. दहा-बारा शब्दांच्या वर फुगा गेला की तो चित्रावर बसतो. मग आम्ही कात्री चालवली.

पहिली चौकट: मावशी चहाचा ग्लास फळीवर ठेवतात, वाफेच्या तीन रेघा. फळीच्या वर मुलाचे फक्त डोळे. "काका, एसटी लाल का?" दुसरी: काका, ग्लास हातात, "लांबून दिसावी म्हणून!" वाफेच्या दोन रेघा. तिसरी: मुलगा विचारात. "मग अजून दिसत का नाही?" वाफेची एकच रेघ. चौथी, शब्दच नाहीत: काका फलाटाच्या कडेला टाचा उंचावून, कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघताहेत, शेजारी तो मुलगा तस्साच उभा. मागे खिडकीत ग्लास, वर साय, आणि मावशींची भुवई.

वाफेच्या रेघा ही तिची कल्पना. तीन, दोन, एक, शून्य. चहा गार झाला असं कुठे लिहावं लागत नाही. आता मैत्रिणी आधी वाफ मोजतात म्हणे. आणि मुलाचा प्रश्न तिसऱ्यात आणल्याने चौथी चौकट रिकामी झाली, तिथे काकांना पळायला जागा मिळाली. आधीच्या खर्ड्यात ती जागा सगळ्यांच्या हसण्याने अडवली होती.

काकांचं वय वाढणार का, यावरही वाद झाला. तिच्या मते निवृत्ती दाखवायला हवी. मी म्हटलं, चार चौकटींतल्या माणसाला निवृत्त केलं की खिडकी गेली, खिडकी गेली की प्रश्न गेले. 'सकाळ'मधला चिंटू १९९१ मध्ये लहान होता आणि नंतरही लहानच राहिला, कुणी तक्रार केली नाही. शेवटी ठरलं की काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, कायमची. ते तिला आवडलं. का आवडलं ते मी विचारलं नाही.

आत्तापर्यंत चौदा भाग झालेत. सहाव्याच्या आठवड्यात मी जरा देवाला हात जोडले, खोटं कशाला बोलू! सातवा आला आणि तो तर जास्तच बरा होता. मधे बँकेत वर्षअखेर आली, दोन रविवार चुकले. पण काकांचं काही बिघडलं नाही, चहा परत आला.

चौदावा जरा वेगळा आहे. एसटीचा मोठा संप झाला होता, २०२१ च्या शेवटी सुरू झालेला, २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेला. त्या संपातली एक सकाळ. स्टँड रिकामा, एक कुत्रं फलाटावर झोपलेलं. काका खिडकीत, समोर चहा, वाफेच्या तीन रेघा. दुसऱ्या चौकटीतही तीन. तिसऱ्यात काका ग्लास ओठांपर्यंत नेतात आणि तिथेच थांबतात. चौथ्यात ग्लास तसाच ठेवून ते टपरीवर जाऊन मावशींना विचारताहेत, "गाडी लागली का?"

पंधराव्यासाठी तिला प्रश्न हवे आहेत. तुम्ही स्वतः चौकशीच्या खिडकीशी विचारलेले किंवा शेजारच्या माणसाने विचारलेले कानावर पडलेले, खरे. जमवलेले नकोत, ते लगेच कळतात. खाली लिहून ठेवा, मी तिला पोचवते. नागपूरच्या वन्संनी त्यांचा तो परतवाड्याचा किस्सा या वेळी तरी पुरा लिहावा ही विनंती.